घर बघायला आलेल्यांचे नंबर

रिसेलचा फ्लॅट विकायचा म्हटलं की आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरात अजूनही गिऱ्हाईक एकेक करून येतं. कुणी मंगळवारी दुपारी, कुणी शुक्रवारी रात्री, आणि मालकाला दर वेळी घर आवरून बसावं लागतं. म्हणून गेल्या काही काळापासून मी मालकांना सांगते की एक रविवार ठरवू, संध्याकाळी पाच ते आठ दार उघडं ठेवू, ज्याला बघायचं तो त्या वेळात येईल. उन्हाळ्यात आमच्याकडे पाचच्या आधी कुणी जिना चढायला तयार नसतं, आणि घरात उजेड कसा येतो हे दिवेलागणीच्या आधी दाखवलेलं बरं, म्हणून ही वेळ. मालक तयार होतात. मग दुसऱ्याच वाक्याला म्हणतात, "दारात एक वही ठेवा बरं का. जो येईल त्याचं नाव-नंबर लिहून घ्या."

वही मी ठेवत नाही. यामागचं कारण नीट सांगायला हवं, कारण या वहीवरच पुढचा सगळा व्यवहार उभा राहतो किंवा बिघडतो.

वहीत ओळीखाली ओळ असते. सहावा माणूस लिहायला वाकतो तेव्हा आधीच्या पाच जणांची नावं आणि नंबर त्याच्या डोळ्यांसमोर असतात. तो साधा गिऱ्हाईक असेल तर वाचून सोडून देईल. पण रविवारच्या ओपन हाऊसला गिऱ्हाईक म्हणून दुसरे एजंटही येतात, कर्ज करून देणारेही येतात. मोबाईल काढून पानाचा फोटो घ्यायला दोन सेकंद पुरतात. दुसऱ्या दिवशी त्या पानावरच्या माणसांना फोन सुरू होतात आणि त्यांना वाटतं की नंबर आपणच विकला. गारखेड्यातल्या ज्या घराबद्दल मी पुढं सांगणार आहे, तिथं आलेल्या एक मावशी दारातच थबकल्या होत्या. "नंबर नाही देणार बाई. मागं एका ठिकाणी वहीत लिहिला, तर दहा जणं फोन करायलेत. कुणी लोन देतो म्हणतंय, कुणी फर्निचर. मालकाचा फोन मात्र एकदाही आला नाही." त्यांची तक्रार रास्त होती. आणि त्यांनी घर बघायला नंबर द्यायची काही गरजही नव्हती.

घर बघायला येऊ देणं ही एक गोष्ट आणि नंतर फोन करू देणं ही दुसरी. वहीत या दोन्ही एका ओळीत कोंबलेल्या असतात. मालकाला हवी असते सुरक्षितता, म्हणजे घरात कोण शिरलं ते कळावं. ती गरज खरी आहे. घरात कपाटं असतात, औषधं असतात, देव्हाऱ्यात चांदी असते. पण त्यासाठी नंबर लिहून घेणं हा उपायच नव्हे, कारण चोरी करायला आलेला खरा नंबर लिहीत नाही. त्यासाठी मी दारात एक माणूस उभा करते, एका वेळी एकच कुटुंब आत सोडते आणि मालकाला मौल्यवान वस्तू आदल्या दिवशी नातेवाइकाकडे हलवायला लावते. सोसायटीच्या गेटवर वॉचमन नोंद ठेवतो ती वेगळी, ती सोसायटीची. आधारची झेरॉक्स घ्या असा आग्रह काही मालक धरतात, त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. ओळखपत्र बघायचं तर दारात बघून परत द्यावं. कागद ठेवून घेतला की तो सांभाळायची जबाबदारीही आली, आणि घर विकायला त्या कागदाचा काडीचा उपयोग नाही.

राहिली दुसरी गोष्ट, नंतरच्या संपर्काची. त्यासाठी मी चिठ्ठी ठेवते. एका माणसाला एक चिठ्ठी, अर्ध्या कागदाची, भरून झाली की फटीच्या डब्यात टाकायची. दुसऱ्याची चिठ्ठी कुणाला दिसत नाही. आणि चिठ्ठी दारात देत नाही, घर बघून झाल्यावर देते. बघायच्या आधी माणसाला काय विचारायचं तेच माहीत नसतं. बघून झाल्यावर ज्याला घर मुळीच आवडलेलं नाही तो चिठ्ठी घेतच नाही, आणि त्याला फोन करण्यात जाणारा माझा वेळही वाचतो.

चिठ्ठीवर हे छापलेलं असतं:

"नाव, जसं हाक मारलेलं आवडेल तसं: ______
मोबाईल: (दहा चौकटी)
या घराबद्दल विचारायचं राहिलेलं काही: ______

खाली हवं तिथंच खूण करा. एकही खूण केली नाही तरी घर बघता येतं.
☐ माझ्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवा.
☐ या घराबद्दल फोन केला तरी चालेल. वेळ: ______
☐ हे घर गेलं तर याच भागातल्या दुसऱ्या घरांबद्दल कळवा.

नंबर माझ्याकडेच राहील. घरमालक, बँक, कर्ज करून देणारे, दुसरे एजंट यांपैकी कुणालाही देणार नाही. घर विकलं गेलं आणि तिसरी खूण नसली तर चिठ्ठी फाडीन, नंबर काढून टाकीन. मधेच नको वाटलं तर 'बंद' एवढं लिहून पाठवा."

खाली माझं नाव, माझा नंबर आणि तारीख. हाच मजकूर घराच्या माहितीच्या कागदावर मागच्या बाजूला छापते आणि तो कागद प्रत्येकाला देते, चिठ्ठी भरो न भरो. म्हणजे मी काय कबूल केलं ते त्यांच्याही घरी राहतं.

तीन खुणा वेगळ्या का, असं मला एका सहकारी एजंटनं विचारलं होतं. एकच ठेवली तर लोक जास्त भरतील, असं त्याचं म्हणणं. भरतीलही. पण "संपर्क करा" एवढ्या एका वाक्याखाली मग सगळंच खपतं, नव्या प्रोजेक्टची जाहिरात, दिवाळीच्या शुभेच्छा, भावाच्या मॉड्युलर किचनच्या दुकानाचं कार्ड. समोरच्या माणसानं यातल्या कशाला हो म्हटलं होतं ते त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हेच लिहिलं आहे, की संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती, कशासाठी ते कळून दिलेली आणि कुठल्याही अटीशिवाय हवी, आणि ती माणसानं स्वतः काही कृती करून द्यायला हवी. म्हणजे आधीच खूण मारून ठेवलेली चौकट चालत नाही. संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत, पण तोवर थांबायचं काही कारण मला दिसत नाही.

आमच्यातले काही जण म्हणतात, कायदा डिजिटल माहितीचा आहे, आपली तर कागदी चिठ्ठी. तसं नाही. कागदावर घेतलेली माहिती पुढं फोनमध्ये किंवा संगणकावर चढवली की कायदा तिलाही लागतो. आणि नंबर फोनमध्ये सेव्ह न करता पाठपुरावा करणारा एजंट मी तरी पाहिलेला नाही. गंमत म्हणजे या कायद्यात उदाहरण दिलं आहे ते आमच्याच धंद्याचं. एक बाई भाड्याचं घर शोधून द्या म्हणून एजंटला मेसेज करते, आपली माहिती देते. एजंटनं ती माहिती तिला घरं कळवण्यासाठी वापरावी. पुढं तिनं आता मदत नको असं कळवलं, की एजंटनं थांबावं.

क्यूआर कोड आणि गूगल फॉर्म मी वापरून पाहिला आहे. तरुण जोडप्यांना तो सोपा जातो. पण घर बघायला आमच्याकडे सगळं कुटुंब येतं आणि निर्णय पुष्कळदा सासूबाईंचा किंवा गावाकडून आलेल्या वडिलांचा असतो. ती माणसं कागदावर मन मोकळं करतात. शिवाय फॉर्मचा तक्ता कुणाकुणाला दिसतो ही सेटिंग चुकीची राहिली, तर वहीपेक्षा वाईट अवस्था होते.

कागदाची एक अडचण मात्र आमच्या भाषेतली आहे. वडीलधारी माणसं नंबर मराठी आकड्यांत लिहितात आणि मधेच इंग्रजीत घसरतात. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठासारखा, आणि घाईत लिहिलेला मराठी पाच इंग्रजी चारसारखा. एकाच नंबरात दोन्ही लिप्या आल्या की तो नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. दहा चौकटी त्यासाठीच आहेत, आणि चिठ्ठी डब्यात टाकायच्या आधी मी विचारते, "काका, नंबर एकदा वाचून दाखवता का?" ते वाचतात, मी शंकेच्या आकड्यावर बारीक अक्षरात लिहून घेते. तरीही पहिला मेसेज नेहमी नावानं आणि घराच्या नावानं सुरू करते, आणि शेवटी लिहिते की हा नंबर तुमचा नसेल तर कळवा, काढून टाकते. कुणी मुद्दाम एक आकडा चुकीचा लिहिला असेल तर त्याच्या मागे लागत नाही. त्यानं नको म्हणायचा तोच मार्ग निवडलेला असतो.

आता गारखेड्याचं घर. दुसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट नाही, बाल्कनी पूर्वेला. मालक निवृत्त शिक्षक, मुलाकडे पुण्याला जायला निघालेले. त्या रविवारी बऱ्यापैकी लोक आले. चिठ्ठी भरणारे त्यांच्या निम्म्याहून थोडे जास्त, आणि फोनच्या खुणेवर हो म्हणणारे अगदी मोजके. मालकांना हे जरा लागलं. "एवढी माणसं आली, आणि तुम्ही सगळ्यांचे नंबर घेतले नाहीत?" मी त्यांना म्हटलं, सर, ज्यांनी दिले त्यांचे प्रश्न आधी वाचून तुम्हाला सांगते.

प्रश्नांची चौकट ही त्या चिठ्ठीतली सगळ्यात कामाची जागा आहे. बजेट मी विचारत नाही, कारण लोक ते खरं सांगत नाहीत आणि विचारल्यावर आखडतात. प्रश्न मात्र खरे असतात. त्या रात्री मी डबा उघडून चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या, सारखे प्रश्न एका रांगेत. सगळ्यात लांब रांग पाण्याची. नळाला किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का, टँकर लागतो तेव्हा पैसे कसे वाटतात. जायकवाडी उशाला असून या शहरात घर घेणारा माणूस आधी पाणी विचारतो आणि मग खोल्या मोजतो. दुसरी रांग पार्किंगची. तिसरी कागदांची: सोसायटी नोंदलेली आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जागा गुंठेवारीतली तर नाही ना.

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सरांकडेही तयार नव्हती. टँकरचा हिशेब सोसायटीच्या सचिवांकडे होता, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत बँकेच्या जुन्या फाइलमध्ये. म्हणून पाठपुराव्याचा पहिला दिवस फोन करण्यात गेला नाही, उत्तरं गोळा करण्यात गेला. रविवारी रात्री फक्त एक ओळ पाठवली, व्हॉट्सॲपची खूण असलेल्यांनाच: "तुमचा प्रश्न पार्किंगचा होता, मंगळवार संध्याकाळपर्यंत कागद बघून कळवते." आणि मंगळवारी कळवलं. उत्तर मिळालं नाही तर तेही कळवायचं. दिलेला दिवस चुकवायचा नाही, कारण पुढं त्याच माणसानं माझ्यावर विसाराच्या रकमेचा विश्वास ठेवायचा असतो.

मेसेज एकेकाला वेगळा पाठवते. ब्रॉडकास्ट यादी अशा वेळी कामाची नाही, कारण ज्यानं माझा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही, आणि कालच भेटलेला माणूस नंबर सेव्ह करून बसलेला नसतो. हे लक्षात आलं की नवीन पोरं ग्रुप करतात. ग्रुपमध्ये घातलं की प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. बाहेर पडलं तरी दिसलेला नंबर दिसलेलाच. माझ्याकडं काम करणाऱ्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं आहे की गिऱ्हाइकांचा ग्रुप करायचा नाही आणि त्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये चढवायचेच नाहीत. नंबर दोन फोनमध्ये गेला की 'बंद' आल्यावर तो दोन ठिकाणांहून काढावा लागतो, आणि दुसरं ठिकाण विसरलं जातं.

पार्किंगचा प्रश्न जालन्याहून आलेल्या एका जोडप्याचा होता. चिठ्ठी ताईंनी भरली होती, खूण फक्त व्हॉट्सॲपवर, फोनची चौकट रिकामी. कागद पाहिल्यावर कळलं की सरांच्या खरेदीखतात पार्किंगचा उल्लेखच नाही. गाडी उभी राहते ती जागा सोसायटीनं ठरावानं दिलेली, खालच्या मजल्याच्या खांबांमधली. मी ते जसंच्या तसं लिहिलं, ठरावाच्या प्रतीचा फोटो जोडला, आणि लिहिलं की ही जागा घरासोबत विकत मिळत नाही, नव्या मालकाला सोसायटीकडे अर्ज करावा लागेल. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

इथं हात शिवशिवतो. चांगलं गिऱ्हाईक, वाचलेला मेसेज, एक फोन केला तर काय होईल? पण फोनची चौकट त्यांनी रिकामी सोडली होती. मी आठवडाभर थांबले आणि एकच मेसेज केला: "गारखेड्याच्या घराबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर सांगा. नसेल तर याबद्दल आता मी मेसेज करणार नाही." त्यावर ताईंचं उत्तर आलं. घर आवडलं होतं, पण सासऱ्यांना गुडघ्यांमुळं दुसरा मजला जमणार नाही. तळमजल्याचं काही असेल तर कळवा, आणि आता फोन केला तरी चालेल, दुपारी तीननंतर. मी त्यांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीपुढं त्या मेसेजची तारीख लिहिली आणि चिठ्ठी वेगळ्या पाकिटात ठेवली. खूण त्यांच्या वतीनं मी केली नाही. त्यांचे शब्द मेसेजमध्ये आहेतच.

ज्यांनी फोनला हो म्हटलं होतं, त्यांना दिलेल्या वेळेतच फोन केले. दोनदा उचलला नाही तर मेसेज, मग थांबायचं. एकाला पाठवलेला मेसेज कित्येक दिवस एकाच खुणेवर अडकून होता. फोन बंद असेल किंवा त्यानं मला ब्लॉक केलं असेल. दुसऱ्या नंबरवरून पाठवून बघावा असा सल्ला माझ्याकडं काम करणाऱ्या मुलानं दिला, तो मी मानला नाही. ब्लॉक करणं हासुद्धा 'बंद'च आहे.

सरांना नंबरांची यादी हवी होती, ती मी दिली नाही, कारण चिठ्ठीवर तसं छापलं होतं. त्याऐवजी एक पान दिलं: किती कुटुंबं आली, काय काय विचारलं, कुठल्या भावावर कोण थबकलं, लिफ्ट नसल्यामुळं किती जण मागे फिरले. नावं नाहीत. ते पान वाचून सरांनी स्वतःच टँकरच्या मागच्या वर्षीच्या पावत्या काढल्या आणि किमतीबद्दलचं त्यांचं बोलणं जरा खाली आलं. नंबरांची यादी हातात असती तर त्यांनी सगळ्यांना फोन केले असते आणि भाव तिथंच राहिला असता. कर्ज करून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसानंही यादी मागितली, कर्ज झालं तर माझा वाटा देऊ केला. त्याला मी त्याचं कार्ड ठेवून जायला सांगितलं. ज्याला कर्ज हवं असेल त्याला मी कार्ड देईन, फोन तो करेल.

घर शेवटी घेतलं ते चिठ्ठी न भरलेल्या माणसानं. एसटीत नोकरी करणारे गृहस्थ, रविवारी आले, शांतपणे भिंतींवर हात फिरवून ओल आहे का ते पाहिलं, कागद घेऊन गेले. नऊ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. कागदावर पाण्याचं लिहिलेलं त्यांनी शेजारच्या इमारतीत जाऊन पडताळलं होतं. त्यांचा नंबर मी त्या क्षणी सेव्ह केला, त्यांना विचारून.

विसार पावती झाल्यावर लगेच चिठ्ठ्या फाडत नाही. विसार मोडतो, कर्ज नामंजूर होतं, आणि तेव्हा थांबलेल्या माणसांना कळवावं लागतं. खरेदीखताची नोंदणी झाली की मग तिसरी खूण नसलेल्यांना एक शेवटचा मेसेज जातो, की घर गेलं, तुमचा नंबर काढून टाकते आहे, दुसऱ्या घरांबद्दल हवं असेल तर 'हो' लिहा. दोन दिवस वाट बघते. 'हो' आलेल्यांच्या आणि तिसरी खूण असलेल्यांच्या चिठ्ठ्या पाकिटात, बाकीच्या फाडायच्या. फोनमध्ये नंबर नावासोबत घराचं नाव जोडून सेव्ह केलेले असतात, "गारखेडा दुसरा मजला" असं शोधलं की सगळे एकत्र सापडतात. ते पुसते, चॅटही पुसते, आणि फोनची नावं गूगल खात्यात जात असतील तर तिथंही बघते, नाहीतर नवा फोन घेतला की ती सगळी माणसं परत उगवतात.

सिडकोत एक तळमजल्याचं घर आता हातात आलं आहे. जालन्याच्या ताईंना दुपारी तीननंतर फोन केला, येत्या रविवारी सासऱ्यांना घेऊन येताहेत. या घराच्या चिठ्ठीत मी एक ओळ वाढवली आहे: "जिना किती चढता येतो?" आणि माहितीच्या कागदावर पाण्याची माहिती सगळ्यात वर घेतली आहे, सिडकोकडून हस्तांतराची परवानगी लागेल ते तिच्याखाली.